विश्लेषण : क्लाउड गेमिंगची वर्गणी भरली, तरी गेम का सुरू होत नाही?

महागडा संगणक नको, कन्सोल नको. फोन, जुना लॅपटॉप किंवा स्मार्ट टीव्ही असला, की महिन्याच्या वर्गणीत मोठे गेम खेळता येतात, असे क्लाउड गेमिंगच्या जाहिराती सांगतात. ते खोटे नाही. मात्र पैसे भरल्यावर अनेकांना चार गोष्टी कळतात. खेळता खेळता ठरावीक वेळेनंतर सत्र आपोआप बंद होते. संध्याकाळी रांगेत उभे राहावे लागते. जाहिरातीतील ‘४के’ चित्र आपल्या पडद्यावर दिसत नाही. आणि ज्या गेमसाठी वर्गणी भरली, तोच गेम यादीत नसतो. या चारही गोष्टी प्लॅनच्या पानावर लिहिलेल्या असतात. फक्त त्यांचा अर्थ वापरायला लागल्यावर उलगडतो. जगात मोठा पसारा असलेल्या एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स नाऊ’ या सेवेचे उदाहरण घेऊन तो समजून घेऊ.

वर्गणी नेमकी कशाची?

क्लाउड गेमिंगमध्ये गेम आपल्या हातातील उपकरणावर चालत नाही. तो कंपनीच्या डेटा सेंटरमधील संगणकावर चालतो. तिथले चित्र व्हिडिओच्या रूपात आपल्याकडे येते आणि आपण दाबलेले बटण इंटरनेटवरून तिकडे जाते. इथपर्यंत सर्व सेवा सारख्याच आहेत. फरक आहे तो पैसे कशाचे घेतले जातात यात.

एक्सबॉक्स गेम पासची वर्गणी वाचनालयासारखी आहे. वर्गणी भरली, की त्या दिवशी कपाटात असलेली पुस्तके आपली. जीफोर्स नाऊ ही मात्र अभ्यासिका आहे. खुर्ची, टेबल, दिवा सगळे उत्तम, पण पुस्तक घरून आणायचे. म्हणजे स्टीम, एपिक, युबिसॉफ्ट यांसारख्या ऑनलाइन दुकानांतून गेम आपण आधीच विकत घेतलेला असला पाहिजे. जीफोर्स नाऊ फक्त तो चालवण्यासाठी ताकदीचा संगणक भाड्याने देते. अमेरिकेत महिन्याला १९.९९ डॉलर भरूनही हाती एकही गेम येत नाही, हे अनेकांना पहिल्या दिवशी धक्कादायक वाटते. फोर्टनाइटसारखे मुळातच फुकट असलेले गेम तेवढे थेट सुरू करता येतात.

हा फरक लक्षात ठेवला, की पुढच्या अटी आपोआप कळतात. संगणक भाड्याने द्यायचा असेल, तर कंपनीला दोनच गोष्टी मोजायच्या असतात. एक संगणक एका माणसाकडे किती वेळ अडकून राहतो आणि किती चांगला संगणक त्याला द्यायचा.

एका तासाच्या सत्रात किती वेळ खेळता येते?

जीफोर्स नाऊचे तीन स्तर आहेत. फ्री स्तरावर एक सत्र एक तासाचे असते. ९.९९ डॉलरच्या परफॉर्मन्स स्तरावर सहा तासांचे आणि १९.९९ डॉलरच्या अल्टिमेट स्तरावर आठ तासांचे. सत्र संपले म्हणजे त्या दिवसाचा खेळ संपला, असे नाही. लगेच नवे सत्र सुरू करता येते. मात्र फ्री स्तरावरील खेळाडूला पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागते.

शिवाय घड्याळ गेमच्या पहिल्या दृश्यापासून चालू होत नाही. संगणक आपल्याला मिळाला, की ते चालू होते. समजा, एखाद्याने रात्री आठ वाजता फ्री खात्यावरून ‘सायबरपंक २०७७’ सुरू केला. रांगेत २० मिनिटे गेली. त्या काळात जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या जाहिरातीही दिसतात. ८ वाजून २० मिनिटांनी संगणक मिळाला. आता स्टीमचे लॉगिन, कधी फोनवर आलेला कोड, मग गेमचा स्वतःचा लाँचर, मग मेन्यू, मग आधी जिथे थांबलो होतो तिथपर्यंतचे लोडिंग. यात सात मिनिटे गेली, तर खेळायला उरतात ५३. सव्वानऊनंतर पडद्यावर इशारा येतो आणि ९ वाजून २० मिनिटांनी सत्र बंद. पुन्हा तेवढीच रांग लागली, तर १० वाजून ४० मिनिटांपर्यंत दोन सत्रे होतात. १६० मिनिटांपैकी प्रत्यक्ष खेळ १०६ मिनिटांचा.

यात एक धोकाही दडलेला आहे. सत्र संपल्यावर तो संगणक पुसून दुसऱ्याला दिला जातो. आपण कुठपर्यंत पोहोचलो याची नोंद, म्हणजे ‘सेव्ह’, त्या संगणकावर राहत नाही. ती स्टीम किंवा एपिकच्या क्लाउडवर जाते. ज्या गेममध्ये क्लाउड सेव्हची सोयच नाही, तिथे पुढच्या सत्रात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते. स्टीमच्या दुकानात गेमच्या पानावर ‘स्टीम क्लाउड’ असे लिहिले आहे का, हे त्यासाठी आधीच पाहून ठेवावे. आणि इशारा दिसताच गेममध्ये सेव्ह करून स्वतःच बाहेर पडावे. लढाईच्या मध्यावर सत्र तुटले, तर शेवटच्या सेव्हनंतरची मेहनत वाया जाते.

मग महिन्याला १०० तासांची मर्यादा कशासाठी?

पैसे भरणाऱ्यांनाही आता अमर्याद वेळ मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनव्हिडियाने मधल्या स्तराचे ‘प्रायॉरिटी’ हे नाव बदलून ‘परफॉर्मन्स’ केले, त्याचे रिझोल्यूशन १०८०पी वरून १४४०पी केले आणि त्याच घोषणेत महिन्याला १०० तासांची मर्यादाही आणली. दर तेच राहिले. १ जानेवारी २०२५ पासून नव्या सदस्यांना ही मर्यादा लागू झाली, आधीच्या सदस्यांना एक वर्षाची सवलत मिळाली. मार्च २०२१ पर्यंत आलेले आणि तेव्हापासून वर्गणी न तोडलेले ‘फाउंडर्स’ सदस्य तेवढे यातून सुटले. आपले ९४ टक्के सदस्य १०० तासांच्या आतच खेळतात, असे कंपनीचे म्हणणे होते. बहुतेकांना मर्यादा लागतच नसेल तर ती आणली कशाला, हा प्रश्न तेव्हा खेळाडूंनी विचारला. त्याचे उत्तर उरलेल्या सहा टक्क्यांत आहे. वर्गणीचा दर सर्वांना एकच असतो, पण रोज आठ-दहा तास संगणक अडवणारा सदस्य त्या दरात कंपनीला परवडत नाही.

१०० तास म्हणजे रोज सरासरी तीन तास वीस मिनिटे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या मराठी अभियंत्याचा हिशेब करून पाहू. परफॉर्मन्स स्तर, कामाच्या २२ दिवशी रोज दोन तास आणि सुट्टीच्या आठ दिवशी सहा-सहा तास. ४४ आणि ४८ मिळून ९२ तास झाले. मर्यादेच्या आत. उरलेले आठ तास पुढच्या महिन्यात जमा होतात. असे जास्तीत जास्त १५ तास पुढे नेता येतात. डिसेंबरमध्ये नाताळच्या सुट्ट्या आल्या आणि तो नेहमीपेक्षा ३० तास जास्त खेळला, तर गरज १२२ तासांची आणि हाताशी १०८. चौदा तास कमी पडले. परफॉर्मन्स स्तरावर १५ तासांचा जादा गठ्ठा २.९९ डॉलरला मिळतो. म्हणजे त्या महिन्याचे बिल १२.९८ डॉलर. तोच माणूस अल्टिमेटवर असता, तर गठ्ठ्याचे ५.९९ धरून २५.९८ डॉलर झाले असते. जादा पैसे द्यायचे नसतील, तर महिन्याचे उरलेले दिवस फ्री स्तराच्या साध्या संगणकावर काढावे लागतात.

सुट्टीच्या दिवशी सहा तासांची बैठक मारायची, तर सत्राची मर्यादाही सहाच तासांची आहे. लॉगिन आणि लोडिंगची मिनिटे त्यातूनच जातात. आणि गेम ‘पॉज’ करून जेवायला उठलो, तरी सत्राचे घड्याळ थांबत नाही. काही मिनिटे कोणतेच बटण दाबले नाही, तर सेवा इशारा देऊन सत्र बंद करते. हे त्रासाचे वाटते, पण १०० तासांचा हिशेब ठेवणाऱ्याचा त्यात फायदाच आहे. नाहीतर चालू ठेवून झोपी गेलेल्याचे एका रात्रीत सहा तास गेले असते.

रांगेत प्राधान्य म्हणजे काय?

डेटा सेंटरमधील संगणक मोजके असतात. दुपारी ते रिकामे असतात आणि रात्री आठ ते अकरा या वेळेत सगळ्यांना एकदमच हवे असतात. पैसे भरलेल्यांना आधी संगणक मिळतो, उरलेले फ्री खात्यांना. फ्री खाते उघडले, की पडद्यावर आपल्या पुढे किती जण आहेत तो आकडा दिसतो. मोठा नवा गेम आला, की हा आकडा फुगतो.

प्राधान्य म्हणजे रांग नाही, असे मात्र कोणी समजू नये. त्याचा अर्थ फक्त आपली रांग वेगळी आणि छोटी आहे, एवढाच. म्हणून वर्गणीचा निर्णय घेण्याआधी फ्री खाते उघडून, आपण ज्या वेळेला खेळणार आहोत नेमक्या त्याच वेळेला तीन-चार दिवस रांग पाहावी. रविवारी सकाळी लगेच संगणक मिळाला, यावरून शुक्रवारच्या रात्रीचा अंदाज येत नाही. ज्याला सकाळीच वेळ मिळतो, त्याला प्राधान्यासाठी पैसे मोजण्याची फारशी गरज नाही.

‘४के’चे पैसे भरले, तरी चित्र पुसट का?

फ्री स्तरावर १०८०पी, परफॉर्मन्सवर १४४०पी आणि अल्टिमेटवर ४के व त्याहून वर, अशी रिझोल्यूशनची चढण आहे. सप्टेंबर २०२५ पासून अल्टिमेट सदस्यांना आरटीएक्स ५०८० दर्जाचे संगणक मिळू लागले आणि कमाल मर्यादा ५के पर्यंत गेली. पण ‘पर्यंत’ हा शब्द इथे महत्त्वाचा. सेवा तेवढे देऊ शकते. आपल्यापर्यंत तेवढे पोहोचेलच, असे नाही.

त्यासाठी इंटरनेटचा वेग लागतो. एनव्हिडियाच्या शिफारशीनुसार ७२०पी साठी सेकंदाला १५ मेगाबिट, १०८०पी साठी २५ आणि ४के साठी ४५ मेगाबिट. वेग कमी पडला, की सेवा चित्राचा दर्जा आपोआप उतरवते आणि गवत, पाऊस, धूर अशा बारीक हालचालींच्या जागी चौकोनी ठिपके दिसू लागतात. याशिवाय पडदा तेवढ्या क्षमतेचा हवा. सहा इंचाच्या फोनवर ४के आणि १०८०पी यांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही. मुख्यतः फोनवरच खेळणार असाल, तर सर्वात वरचा स्तर केवळ रिझोल्यूशनसाठी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

फोनवर खेळणाऱ्यांनी त्यापेक्षा डेटाचा हिशेब करावा. सेकंदाला २५ मेगाबिट म्हणजे तासाला सुमारे ११ जीबी. रोज दोन जीबी देणारे मोबाइलचे रिचार्ज या वेगाने अकरा मिनिटेही पुरत नाही. ७२०पी वर उतरून १५ मेगाबिटवर खेळले, तरी १८ मिनिटांच्या आत संपते. घरच्या फायबरशिवाय ही सेवा परवडणारी नाही, आणि फायबरच्या प्लॅनमध्येही महिन्याच्या डेटाला ‘योग्य वापरा’ची मर्यादा असते. महिन्याला ९० तास १०८०पी वर खेळणारा एकटाच एक हजार जीबीच्या आसपास डेटा वापरतो.

वेगाइतकेच अंतरही निर्णायक आहे. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे सरळ रेषेतील अंतर साडेसहा हजार किलोमीटरहून थोडे जास्त. म्हणजे बटण दाबल्याचा निरोप तिकडे जाऊन चित्र परत येण्यास, वाटेत काहीही अडथळा नसला तरी, ६५ मिलिसेकंद जातात. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते आणि वेळ बराच वाढतो. एनव्हिडियाची अट ८० मिलिसेकंदांच्या आतली आहे आणि शिफारस ४० च्या आतली. युरोपातील नातेवाइकाच्या खात्यावरून भारतात खेळण्याची युक्ती म्हणूनच फसते. चित्र स्वच्छ येते, पण क्रिकेट किंवा फुटबॉलच्या गेममध्ये फटका उशिरा बसतो. पैसे भरून हा उशीर कमी होत नाही. जवळ डेटा सेंटर असणे हाच त्यावर उपाय.

बिघाड कुठे आहे, हे ओळखण्याची सोपी खूण अशी. चित्र ठिपक्याठिपक्यांचे होत असेल, तर वेग कमी पडतो आहे किंवा वाय-फायमधून डेटा गळतो आहे. लॅपटॉपला केबल लावून किंवा वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ जोडणीवर जाऊन पाहावे. चित्र स्वच्छ, पण बटणाला उशीर होत असेल, तर दोष अंतराचा. दोन्ही ठीक, तरीही गेम अडखळत असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सचा दर्जा त्या स्तरावरील संगणकाला झेपेल त्याहून वर ठेवलेला असतो. संगणकावर जीफोर्स नाऊ सुरू असताना `Ctrl+N` दाबले, की हे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दिसतात.

विकत घेतलेला गेमही का चालत नाही?

सर्वात जास्त निराशा इथे होते. स्टीमवर गेम आपल्या नावावर आहे, पैसे दिलेले आहेत, तरी जीफोर्स नाऊमध्ये तो शोधला तर सापडत नाही. कारण खेळाडूची मालकी पुरेशी नाही. गेमच्या प्रकाशकाचीही परवानगी लागते.

सुरुवातीला असे नव्हते. ४ फेब्रुवारी २०२० रोजी सेवा सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा एनव्हिडियाची भूमिका साधी होती. ग्राहकाने गेम विकत घेतला आहे, आम्ही त्याला फक्त संगणक देतो. तो घरच्या संगणकावर चालवो की आमच्या, फरक काय? प्रकाशकांना हे पटले नाही. काही दिवसांतच ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने आपले गेम काढून घेतले. पाठोपाठ बेथेस्डाने जवळपास सर्व गेम काढले आणि मार्चमध्ये टू-के गेम्सनेही. ‘द लाँग डार्क’ या गेमच्या छोट्या स्टुडिओनेही, आपल्याला न विचारता गेम सेवेवर ठेवला, अशी तक्रार करून तो काढायला लावला. त्यामागील हिशेब उघड आहे. तोच गेम वेगळ्या उपकरणासाठी पुन्हा विकता येतो, किंवा दुसऱ्या क्लाउड सेवेला त्याचे हक्क विकता येतात. मग ही संधी फुकट का सोडावी? अखेर त्या वर्षीच्या मे महिन्यात एनव्हिडियाने नियम उलटा केला. प्रकाशक स्वतः होकार देईल, तोच गेम यादीत येणार.

ॲक्टिव्हिजनचे गेम परत आले, पण त्यासाठी एक मोठा व्यवहार व्हावा लागला. मायक्रोसॉफ्टला ॲक्टिव्हिजन विकत घ्यायची होती आणि त्यामुळे क्लाउड गेमिंगमधील स्पर्धा संपेल, अशी शंका नियामक घेत होते. ती दूर करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये एनव्हिडियाशी दहा वर्षांचा करार केला. खरेदी ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाली आणि वर्षअखेर ‘कॉल ऑफ ड्यूटी’ जीफोर्स नाऊवर पुन्हा दिसू लागला. ज्याने २०२० मध्ये तो गेम डोळ्यांसमोर ठेवून वर्गणी भरली होती, त्याला साडेतीन वर्षांहून अधिक थांबावे लागले. आणि त्याच्या वर्गणीचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता.

यादी तपासताना आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. गेमचे नाव यादीत असणे पुरेसे नाही. आपण तो ज्या दुकानातून घेतला, त्या दुकानाची आवृत्तीही तिथे असावी लागते. एखादा गेम स्टीमसाठी चालतो, पण एपिकसाठी नाही, असे होते. प्लेस्टेशनची डिस्क घरात असली, तर तिचा इथे काहीच उपयोग नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने ‘इन्स्टॉल टू प्ले’ ही सोय जाहीर केली. ज्या गेमच्या प्रकाशकांनी स्टीमवर क्लाउडसाठी परवानगी दिली आहे, ते गेम पैसे भरणारा सदस्य भाड्याच्या संगणकावर स्वतः इन्स्टॉल करून खेळू शकतो. त्यामुळे निवड खूप वाढली. पण सत्रापुरती १०० जीबी जागा मिळते आणि सत्र संपताच ती पुसली जाते. पुढच्या वेळी पुन्हा इन्स्टॉल करा, आणि तो वेळही सत्रातूनच जाणार. हे नको असेल, तर कायमची जागा वेगळी भाड्याने घ्यायची. २०० जीबीचे महिन्याला २.९९ डॉलर. म्हणजे १९.९९ डॉलरचा प्लॅन प्रत्यक्षात २३ डॉलरचा झाला आणि गेमची किंमत त्याहून वेगळी.

या पद्धतीत ग्राहकाच्या बाजूने एक जमेची गोष्ट आहे. गुगलने आपली ‘स्टेडिया’ सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली, तेव्हा तिथे विकत घेतलेले गेम सेवेबरोबरच गेले. गुगलने पैसे परत केले, पण ते बंधन नव्हते. जीफोर्स नाऊ उद्या बंद झाली, तरी स्टीमवरील गेम आपल्याच नावावर राहतात.

भारतात काय परिस्थिती आहे?

एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात जीफोर्स नाऊ भारतात आणण्याची घोषणा केली, मात्र त्यानंतर मुदत पुढे सरकत गेली. वर दिलेले डॉलरचे दर अमेरिकेतील आहेत. ते रुपयांत बदलून इथला अंदाज बांधू नये, कारण अशा सेवांचे दर आणि अटी देशानुसार वेगळ्या असतात.

मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झाले. ते गेम पासच्या वर्गणीचा भाग आहे. त्याआधीच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, गेम पासची नवी रचना जाहीर झाली होती. तेव्हा भारतात दर होते इसेन्शियल महिन्याला ४९९ रुपये, प्रीमियम ६९९ आणि अल्टिमेट १,३८९ रुपये. इथे १०० तासांसारखी मर्यादा जाहीर केलेली नाही. फरक आहे तो चित्राच्या दर्जात, थांबण्याच्या वेळेत आणि मुख्य म्हणजे यादीत. सर्वोत्तम चित्र आणि सर्वात कमी थांबणे अल्टिमेटला. इसेन्शियलच्या यादीत पन्नासहून थोडे अधिक गेम, प्रीमियममध्ये दोनशेहून अधिक. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे नवे गेम पहिल्याच दिवशी हवे असतील, तर अल्टिमेट लागते. प्रीमियमवाल्यांना ते वर्षभराच्या आत मिळतात आणि त्यातही ‘कॉल ऑफ ड्यूटी’ धरलेला नाही. नाव सारखे असल्याने पीसी गेम पास घेणाऱ्यांचीही फसगत होते. त्या प्लॅनमधील गेम आपल्या संगणकावर उतरवून खेळायचे असतात; नव्या रचनेत मायक्रोसॉफ्टचे क्लाउड त्यात दिलेले नाही.

वाचनालयाचा दोष म्हणजे कपाटातील पुस्तके बदलत राहतात. गेम पासमधून गेम साधारणपणे महिन्याच्या मध्याला आणि शेवटी बाहेर जातात. ‘जीटीए ५’ या यादीत अनेकदा आला आणि अनेकदा गेला. अर्धवट राहिलेला गेम बाहेर गेला, तर सेव्ह शाबूत राहते, पण पुढे खेळण्यासाठी तो विकत घ्यावा लागतो. त्यावर सदस्यांना काही सवलत मिळते. ॲपमध्ये ‘लवकरच जाणारे’ गेम वेगळ्या रांगेत दाखवलेले असतात. ८० तासांचा मोठा गेम सुरू करण्याआधी ती रांग एकदा बघावी.

पैसे भरण्याआधी काय तपासावे?

सुरुवात यादीपासून करावी, रिझोल्यूशनपासून नाही. पुढच्या तीन महिन्यांत खरोखर खेळायचे आहेत असे तीन गेम कागदावर लिहावेत. प्रत्येकापुढे तो आपल्याकडे कोणत्या दुकानातून आहे, हे लिहावे. मग सेवेच्या यादीत तेच नाव, तेच दुकान आणि आपला स्तर जुळतो का, ते पाहावे. तीनपैकी दोन जुळले नाहीत, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. गेम पासमध्ये नावाजवळ ढगाचे चिन्ह असेल, तोच गेम क्लाउडवर चालतो. आणि फोनवर बोटांनी खेळणार असाल, तर त्या गेमला टच कंट्रोल आहेत का, हेही बघावे. बहुतेक मोठ्या गेमना कंट्रोलर लागतोच आणि त्याचा खर्च वर्गणीत धरलेला नसतो.

त्यानंतर आठवड्याचे तास. दहा-बारा तास खेळणाऱ्याला महिन्याची कोणतीच मर्यादा आडवी येत नाही. त्याला सत्राची आणि रांगेची तेवढी फिकीर करावी लागते. पंचवीस तासांच्या वर जाणाऱ्याने जादा गठ्ठ्याचे पैसे आधीच बिलात धरावेत.

शेवटी प्रत्यक्ष चाचणी. वर्षाची वर्गणी थोडी स्वस्त पडते, म्हणून ती पहिल्याच दिवशी घेऊ नये. जीफोर्स नाऊमध्ये २४ तासांचा पास मिळतो, परफॉर्मन्सचा ३.९९ आणि अल्टिमेटचा ७.९९ डॉलरला. तो शुक्रवारी संध्याकाळी घ्यावा, म्हणजे आठवड्यातील सर्वात गर्दीची रात्र आणि शनिवारची दुपार दोन्ही पाहून होतात. पास सुरू केल्या क्षणापासून २४ तास मोजले जातात, त्यामुळे गेम आधी विकत घेऊन, खाती जोडून आणि पासवर्ड हाताशी ठेवूनच तो सुरू करावा.